घड्याळातली पडण्याची सूचना आणि 112 चा फोन : केव्हा लागतो, केव्हा लागत नाही, आणि उगाच लागला तर

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मनगटावर एक नवीन प्रकारचे घड्याळ दिसू लागले आहे. मुलगा परदेशातून येतो, येताना घेऊन येतो, आईच्या किंवा वडिलांच्या हाताला बांधतो आणि सांगतो, "आता तुम्ही पडलात तर हे घड्याळच फोन करेल." मुलगा परत जातो आणि घड्याळ वेळ बघण्यासाठी व पावले मोजण्यासाठी वापरले जाते. पडल्यावर नेमके काय होते, हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

आम्ही या विषयात तज्ज्ञ नाही. बँकेत छत्तीस वर्षे काढली, तिथे एक सवय लागली ती अशी की कागदावर जे लिहिले आहे ते प्रत्यक्षात चालते की नाही ते बघायचे. एका सभासद काकूंच्या बाबतीत जे घडले त्यानंतर आम्ही दोघा-तिघांनी बसून हा विषय मुळापासून समजून घेतला. इथे जे लिहिले आहे ते ॲपल वॉचबद्दल आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हाताला तेच आहे. इतर कंपन्यांच्या घड्याळांतही अशी सोय असते, पण तिचे नियम वेगळे असतात. काहींत सूचना फक्त घरच्यांना जाते, 112 ला जात नाही. तेव्हा दुसरे घड्याळ असेल तर खालच्या गोष्टी जशाच्या तशा गृहीत धरू नयेत.

काकूंची गोष्ट

काकू शहात्तर वर्षांच्या. वडोदऱ्याच्या जुन्या भागात, वाडा पाडून जी इमारत उभी राहिली तिच्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलगा कॅनडात. त्याने स्वतःचा जुना आयफोन आणि नवे घड्याळ आईला दिले. एका सकाळी स्वयंपाकघरातून गॅलरीत जाताना उंबऱ्याला पाय अडकून काकू पालथ्या पडल्या. उजवे मनगट मोडले. उठता येईना. घड्याळ डाव्या हातात होते, चार्ज होते, फोन चार पावलांवर टेबलावर होता. घड्याळ गप्प. चाळीस मिनिटांनी कामवाल्या बाई आल्या, त्यांच्याकडे किल्ली होती म्हणून निभावले.

मुलगा फोनवर चिडला, घड्याळ बिनकामाचे निघाले म्हणाला. आम्ही हॉस्पिटलात भेटायला गेलो तेव्हा फोन हातात घेऊन पाहिला. फोन मुलाच्याच नावाने चालू होता. आरोग्याच्या माहितीत जन्मसाल 1979. म्हणजे घड्याळाच्या हिशेबी ते एका सेहेचाळीस वर्षांच्या पुरुषाच्या हातात होते! आणि पडण्याच्या सूचनेच्या जागी `Only on during workouts` असे निवडलेले होते, म्हणजे व्यायामाची नोंद चालू असेल तेवढ्यापुरतेच लक्ष ठेव. काकू व्यायाम करत नव्हत्या, गॅलरीत तुळशीला पाणी घालायला चालल्या होत्या.

बँकेत याला आम्ही केवायसीतली चूक म्हटले असते. घड्याळाने सांगितले होते तेच केले.

नियम असा आहे. घड्याळ लावताना वय पंचावन्न किंवा त्याहून जास्त भरले असेल तर ही सोय आपोआप चालू होते. त्याहून कमी वय असेल तर आपणच चालू करावी लागते. अठरा वर्षांखालच्यांना ती मिळतच नाही. म्हणून पहिले काम जन्मतारीख बघण्याचे. आणि तारीख दुरुस्त केली की बाकीचे आपोआप सुधारेल असे मानू नये, ती खूणही हाताने बदलावी. आयफोनवर `Watch` हे ॲप उघडायचे, त्यात `Emergency SOS`, आणि तिथे `Fall Detection` चालू करून `Always on` निवडायचे. ही सोय सिरीज 4 आणि त्यानंतरच्या घड्याळांत, तसेच एसई आणि अल्ट्रा या प्रकारांत आहे. सिरीज 3 किंवा त्याआधीचे असेल तर शोधण्यात वेळ घालवू नये.

याच्या जोडीची दुसरी खूण फारशी कोणाला माहीत नसते. `Passcode` या भागात `Wrist Detection` म्हणून एक ओळ आहे. घड्याळ हातात आहे की टेबलावर, हे ओळखण्याचे काम ती करते. पुष्कळ घरांत वारंवार पासकोड टाकण्याचा कंटाळा म्हणून ही बंद केलेली असते. ती बंद असेल तर पडल्याचे कळले तरी घड्याळ आपण होऊन फोन करत नाही. काकूंच्या घड्याळात ती सुदैवाने चालू होती. पण त्यानंतर आम्ही ज्या काही सभासदांची घड्याळे बघितली त्यांत ही बंद असलेली सापडली.

घड्याळाला पडणे कसे कळते

घड्याळात दोन संवेदक असतात. एक वेगातला अचानक बदल, म्हणजे धक्का, मोजतो. दुसरा मनगट कोणत्या दिशेला किती फिरले ते मोजतो. 2018 साली सिरीज 4 आले तेव्हा त्यातला धक्का मोजणारा भाग 32 जी पर्यंतचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या बत्तीस पटींपर्यंतचा धक्का नोंदवू शकेल असा केला गेला.

नुसता धक्का पुरेसा नसतो, नाहीतर दार आपटले तरी बोंब झाली असती. माणूस अडखळून पुढे पडतो तेव्हा हात आपसूक पुढे जातात, आधार शोधतात. पाय घसरून मागे पडतो तेव्हा हात वर उडतात. मनगटाचा हा प्रवास, त्याच्या शेवटी जोराचा आपट, आणि त्यानंतरची हालचाल किंवा स्तब्धता, हे सगळे एकत्र जुळले तर घड्याळ म्हणते की हा माणूस जोरात पडला.

यातूनच त्याची मर्यादाही कळते. मनगट जोरात आपटले नाही तर घड्याळाला काही कळत नाही. भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकणे, चक्कर येऊन खुर्चीतच कलंडणे, पलंगाच्या कडेवरून उशीसकट घसरून खाली बसणे, कपाटाला धरत धरत जमिनीवर येणे, यांतले काहीही त्याला पडणे वाटेलच असे नाही. आणि म्हाताऱ्या माणसांचे पडणे बरेचदा असेच असते. कंपनीही सांगते की प्रत्येक पडणे ओळखता येत नाही. ही गोष्ट मुलांना आधी सांगावी, कारण तेच फार निर्धास्त असतात.

पडल्यावरचे दीड मिनिट

आता जोरात पडलात आणि घड्याळाला कळले, तर पुढे काय? हा भाग शांतपणे वाचावा.

घड्याळ मनगटावर टकटक करते, आवाज करते आणि पडद्यावर इंग्रजीत लिहून येते की तुम्ही जोरात पडलात असे दिसते. खाली दोन गोष्टी असतात. एक सरकवायची पट्टी, जी उजवीकडे ओढली की लगेच 112 ला फोन लागतो. दुसरी, मी ठीक आहे असे सांगणारे बटण.

तुम्ही काहीच केले नाहीत, तर घड्याळ तुमची हालचाल बघत राहते. साधारण एक मिनिट तुम्ही निश्चल असाल तर ते तीस सेकंदांची उलटी मोजणी सुरू करते. या वेळात आवाज वाढत जातो, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या माणसाला ऐकू यावा. मोजणी संपेपर्यंत कोणी रद्द केले नाही तर फोन आपोआप लागतो. म्हणजे पडल्यापासून फोन लागेपर्यंत धरून चाला दीड मिनिट. फोन लागल्यावर घड्याळ एक ध्वनिमुद्रित निरोप ऐकवते, की या व्यक्तीच्या घड्याळाने जोरात पडल्याचे ओळखले आहे, आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश सांगते. पहिल्यांदा हा निरोप मोठ्या आवाजात येतो, नंतर आवाज कमी होतो, म्हणजे तुम्हाला बोलता यावे. घड्याळाला माइक आणि स्पीकर असतो, त्यावर सरळ बोलता येते.

पण "निश्चल" या शब्दावर थांबायला हवे. तुम्ही हालत असाल तर घड्याळ वाट बघते, आपण होऊन फोन करत नाही. आमच्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. खुब्याचे हाड मोडलेला माणूस बेशुद्ध नसतो. तो विव्हळतो, हात हलवतो, उठायचा प्रयत्न करतो, पदर सारखा करतो. घड्याळाच्या दृष्टीने तो हालतो आहे, म्हणजे शुद्धीवर आहे, म्हणजे स्वतः ठरवू शकतो. तेव्हा ते थांबून राहते. अशा वेळी पट्टी आपल्याच बोटाने ओढायला लागते. "घड्याळ फोन करेल" हे वाक्य बेशुद्ध माणसाच्या बाबतीत खरे आहे. शुद्धीवर असलेल्याला ते फक्त विचारते.

आणि विचारले की आपली माणसे काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे. "काही नाही हो, उगीच कशाला लोकांना त्रास." मी ठीक आहे यावर बोट जाते आणि मग अर्धा तास कोणी येण्याची वाट बघत पडून राहायचे. आम्ही काकूंना एक साधा नियम घालून दिला: सूचना वाजली की आधी बसून बघायचे. बसता आले नाही किंवा डोके आपटले असेल तर ठीक आहे म्हणायचे नाही, पट्टी ओढायची. डोके आपटल्याचे वेगळे सांगितले कारण काकू रक्त पातळ करण्याची गोळी घेतात, आणि अशांना डोक्याला लागले तर वरून काही दिसत नसतानाही डॉक्टरांनी बघावे लागते.

न पडता मदत हवी असेल तर

छातीत दुखते आहे, दारात कोणी अनोळखी हुज्जत घालतो आहे, किंवा हळू घसरून खाली बसलो आहोत, अशा वेळी बाजूचे बटण कामाचे. फिरणाऱ्या गोल चावीच्या शेजारी जे लांबट, चपटे बटण असते ते दाबून धरायचे. आधी पडद्यावर पट्ट्या येतात. त्यांतली आपत्कालीन फोनची पट्टी ओढली की फोन लागतो. पट्टी न ओढता बटण तसेच दाबून धरले तर मोजणी सुरू होते, मोठा आवाज येतो, आणि मोजणी संपली की फोन आपोआप लागतो.

फोन 112 ला जातो, हेही लक्षात असू द्या. आपल्याकडे गुजरातेत 2007 पासून 108 ची सेवा आहे आणि सगळ्यांच्या तोंडी तोच आकडा आहे. घड्याळ 108 लावत नाही. 112 हा पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या सगळ्यांसाठीचा एक क्रमांक आहे, तेव्हा समोरचा विचारेल की काय हवे. काकूंना आम्ही हिंदीत आणि गुजरातीत एकेक वाक्य पाठ करवले: पडले आहे, रुग्णवाहिका हवी, इमारतीचे नाव, तिसरा मजला. हे मजल्याचे फार आवश्यक आहे. अक्षांश-रेखांश इमारतीपर्यंत आणतील, मजला सांगणार नाहीत.

घरच्या लोकांना निरोप जातो तो फोन संपल्यावर. ज्यांची नावे आपत्कालीन संपर्क म्हणून दिली असतील त्यांना ठिकाणासह संदेश जातो. तो फोन नसून संदेश असतो, रात्री झोपलेल्या माणसाला कदाचित कळणारही नाही. ही नावे आयफोनच्या `Health` ॲपमध्ये `Medical ID` या पानावर भरायची असतात. 112 किंवा 108 तिथे संपर्क म्हणून घालता येत नाही, माणसांचीच नावे घालायची. काकूंच्या फोनमध्ये तिथे एकच नाव होते, सुनेचे, कॅनडाच्या क्रमांकासह. ती पूर्वी मुलाने स्वतःसाठी भरलेली. टोरोंटोत मध्यरात्री संदेश वाचून ती बिचारी काय करणार? आम्ही पहिल्या नावाला समोरच्या घरातल्या बेन, दुसऱ्याला मांडवीजवळ राहणारे काकूंचे भाचे आणि मग मुलगा असा क्रम लावला. त्याच पानावर रक्तगट, गोळ्यांची नावे आणि ॲलर्जी भरली. फोन लॉक असतानाही ते दिसण्याची परवानगी तिथेच द्यावी लागते.

दाराचा प्रश्न तसाच उरतो. रुग्णवाहिका आली आणि दाराला आतून कडी असेल तर काय? काकू रात्री दोन कड्या आणि एक साखळी लावत. आता बाहेरून किल्लीने उघडणारे एकच कुलूप लावतात आणि दुसरी किल्ली समोरच्या घरी असते. हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला होता, पण पटले.

फोन लागण्यासाठी जोडणी लागते

घड्याळ साधे असेल तर ते स्वतः फोन लावत नाही, आयफोनच्या जोरावर लावते. फोन जवळपास असेल, किंवा घड्याळ ओळखीच्या वाय-फायवर असून वाय-फायवरून फोन करण्याची सोय चालू केलेली असेल, तर चालते. फोन घरी ठेवून देवळात गेलात आणि तिथे पडलात तर घड्याळ सूचना देईल, फोन लावू शकणार नाही. सेल्युलर प्रकारचे घड्याळ असून त्याचा प्लॅन चालू असेल तर मात्र फोन सोबत नसला तरी चालते. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे सेल्युलर घड्याळ आहे आणि प्लॅन कधीच घेतलेला नाही. महिन्याचे बिल बघून खात्री करावी.

आणि एक साधी गोष्ट. घड्याळ हातात हवे. रात्री चार्जिंगला लावून झोपण्याची सवय असते, आणि रात्रीच तर लघवीला उठताना अंधारात पडायला होते. चार्जिंग संध्याकाळी मालिका बघताना करावे, सोफ्यावर बसलेले असताना. आंघोळीच्या वेळीही अनेकजण काढतात. घड्याळ पाण्याने बिघडत नाही, पण साबण आणि शाम्पू त्याच्या सीलला चांगला नाही आणि कातडी पट्टा खराब होतो. काकू रबरी पट्टा वापरतात, आंघोळीत घालून ठेवतात आणि शेवटी साध्या पाण्याने धुतात.

खोट्या सूचना

सगळे नीट लावल्यावर पुढच्या दोन महिन्यांत काकूंच्या घड्याळाने तीनदा घर डोक्यावर घेतले. मग त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, हे बंद करून टाका. पडण्यापेक्षा याचीच धडकी बसते." बहुतेक लोक याच टप्प्यावर सोय बंद करतात. म्हणून तिन्ही वेळा काय झाले ते सांगतो.

पहिल्यांदा गणपतीत. आरतीला काकू जोरजोरात टाळ्या वाजवत होत्या, अखेरच्या गजरात घड्याळ टकटकले. हात वेगाने फिरून एकदम थांबणे, हे घड्याळाला पडण्यासारखे दिसू शकते. नवरात्रात गरबा खेळणाऱ्यांना, लेझीम-ढोल वाजवणाऱ्यांना, नारळ फोडताना किंवा खलबत्त्यात कुटताना हा अनुभव येतो. जो जास्त हालचाल करतो त्याला जास्त येतो. पण यात घाबरण्यासारखे काही नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे हालणाऱ्या माणसाच्या बाबतीत घड्याळ वाट बघते, फोन लावत नाही. सूचना बंद करावी. ठीक आहे म्हटल्यावर घड्याळ पुढे विचारते, पडलात पण ठीक आहात, की पडलाच नाहीत? इथे खरे उत्तर द्यावे. पडलोच नाही असे सांगितले नाही तर ते पडल्याची नोंद `Health` मध्ये ठेवते. ती नोंद पुढे डॉक्टरांना दाखवायला उपयोगी असते, वर्षात किती वेळा तोल गेला ते कळते. टाळ्यांच्या नोंदी त्यात मिसळल्या तर ती यादी कामाची राहत नाही. गरब्याचे नऊ दिवस घड्याळ दुसऱ्या हातात घालावे असेही कोणी सुचवतात. आम्हाला त्यात अर्थ वाटत नाही, दोन्ही हात सारखेच आपटतात.

दुसऱ्यांदा पूजेनंतर. काकू पाटावरून उठताना डावा तळहात जमिनीवर टेकून त्यावर भार देतात. मनगट मागे वाकले की हाताचा मागचा भाग घड्याळाच्या चावीवर आणि शेजारच्या बटणावर दाबला जातो. भार काही सेकंद राहिला, मोजणी सुरू झाली, भोंगा वाजला. यात पडण्याशी काही संबंध नाही, हे बाजूच्या बटणाचे काम. पुष्कळ लोक दोन्ही सोयी एकच समजून चुकीची बंद करतात. ओळखायचे असे: आधी बटणावर कशाचा तरी दाब होता, आणि पडद्यावर पट्ट्या किंवा मोजणी दिसली, तर ते बटण. मनगटाला झटका बसून जोरात पडल्याचा मजकूर आला तर ते पडण्याची सूचना.

तिसऱ्यांदा पहाटे चार वाजता, आणि या वेळी फोन खरोखर लागला. काकू डावा हात गालाखाली घेऊन झोपतात. मनगट दुमडलेले, बटणावर उशीचा दाब. भोंगा वाजला, पण काकू झोपताना कानातले श्रवणयंत्र काढून ठेवतात, त्यांना ऐकू आले नाही. जागे झाल्या तेव्हा मनगटातून कोणीतरी बोलत होते. त्यांनी घाबरून बटणे दाबून फोन तोडला. थोड्या वेळाने उलट फोन आला, समोरच्या घरच्यांना संदेश गेला होताच, ते दार वाजवू लागले. सगळा मजला जागा.

इथे दोन गोष्टी. चुकून फोन लागला तर तोडू नये. समोरच्याला शांतपणे सांगावे, चुकून लागला, मी ठीक आहे, मदत नको. न बोलता तोडलेला फोन संशयाचा ठरतो आणि तिकडच्या माणसाचे काम वाढते. आणि फोन संपल्यावर घरच्यांना संदेश जाण्याआधी घड्याळ तो रद्द करण्याची संधी देते, ती बघून वापरावी.

बटणाच्या त्रासावर दोन उपाय आहेत. एक, घड्याळ उलटे फिरवणे. `Watch` ॲपमध्ये `General` आणि त्यात `Watch Orientation` इथे चावी कोणत्या बाजूला ते निवडता येते. डाव्या हातात घालणाऱ्याने चावी डावीकडे, म्हणजे कोपराच्या बाजूला घेतली की मनगट वाकवून बटण दाबले जाण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. घड्याळ उलटे बसत असल्याने पट्ट्याचे दोन भाग अदलाबदल करून घ्यावे लागतात, आणि बाजूचे बटण आता चावीच्या वर येते, ते माणसाला दाखवून सवय करून द्यावी. दुसरा उपाय, `Emergency SOS` मध्ये `Hold Side Button` ने सुरू होणारी ओळ बंद करणे. मग बटण कितीही दाबले तरी मोजणी सुरू होत नाही, फक्त पट्ट्या येतात आणि पट्टी बोटाने ओढावी लागते.

मुलाचे म्हणणे दुसरा उपाय करा, कायमची कटकट मिटेल. आमचे मत वेगळे पडले. काकूंची दृष्टी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही बेताची आहे आणि बोटे थरथरतात. अंधारात चष्म्याशिवाय पट्टी शोधून ओढणे त्यांना जमेल का? बटण दाबून धरणे नक्की जमेल. म्हणून आधी फक्त घड्याळ फिरवले, पट्टा एक भोक घट्ट केला, आणि मुलाने हौसेने पाठवलेले जाड कव्हर काढून टाकले, कारण तेही बटणावर दाब देत होते. एक महिना बघू, पुन्हा झाले तर ओळ बंद करू, असे ठरले. पुन्हा झाले नाही. ज्यांची नजर आणि हात चांगले आहेत त्यांनी सरळ दुसरा उपाय करायला हरकत नाही.

तपासून बघण्याबद्दल. पडण्याची सूचना तपासण्यासाठी गादीवर उड्या मारू नयेत, एक आजोबा हे करताना खरेच लागून घेणार होते. त्याची चाचणी घेता येत नाही, फक्त खुणा बरोबर आहेत का ते बघता येते. बटणाची तालीम मात्र करता येते: दाबून धरायचे, पट्ट्या दिसताच सोडायचे, पट्टी ओढायची नाही, आणि पडदा बंद करायचा. काकूंकडून दहा-बारा वेळा करून घेतले, अर्ध्या वेळा डोळे मिटून.

दिवाळीनंतर त्या पलंगावरून उतरताना चादरीवरून घसरून हळूच खाली बसल्या. घड्याळाला काही कळले नाही, कळण्यासारखे नव्हतेच. काकूंनी बटण दाबून धरले, फोन लागला, तिसरा मजला म्हणून सांगितले. समोरच्या बेन संदेश वाचून किल्ली घेऊन आल्या त्या रुग्णवाहिकेच्या आधी. पाठीला मुका मार होता, हाड शाबूत.

समोरच्या बेन आता मार्चमध्ये सुरतेला मुलीकडे राहायला जात आहेत. त्यांच्या जागी दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचे नाव आणि किल्ली द्यायची आहे, ते काम या रविवारी.